गव्हर्नरसाहेब आणि मालवा हाऊस

रोज बसने परगावी नोकरीला जाणे आणि दिवेलागणीला घरी परतणे, याला आपल्या सीमाभागात एकच शब्द आहे : अपडाऊन. पलीकडे मध्य प्रदेशातही तोच चालतो. अपडाऊनवाल्यांची खिडकी ठरलेली, शेजारी ठरलेला आणि कंडक्टरशी होणारी खडाजंगीही ठरलेली. या खेपेला सदरात अशाच एका रोजच्या खडाजंगीची गोष्ट सांगतो. गोष्ट इंदूरची आहे. माणसे गोष्टीतली आहेत. बस, रस्ता, नदी आणि नोटा मात्र खऱ्या.

साल १९९६. इंदूरच्या सरवटे बसस्थानकावरून सकाळी देवासला जाणारी निगमची बस. निगम म्हणजे मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम. लोक रोडवेज म्हणत. अंतर साधारण ३५ किलोमीटर. पलासिया, विजयनगर, देवास नाका, मग मांगलिया, पुढे क्षिप्रा नदीचा पूल, आणि शेवटी देवासची टेकडी दिसू लागली की माणसे पिशव्या आवरायला लागत. सारा प्रवास तासाभराचा, पण कंडक्टर बोलका असला की तो तास केव्हा गेला कळत नसे. हा कंडक्टर बोलका नव्हता. त्याच्या तोंडाला झाकणच नव्हते.

घर मराठी, जन्म इंदूरचा, त्यामुळे भाषा खास इंदुरी. मराठीत हिंदी अशी मिसळलेली, की जशी पोह्यात शेव. 'कुठे जाऊन राह्यले', 'पाणी पडून राह्यलं', 'थोडं सरका ना भिया'. चढणाऱ्या प्रत्येकाबद्दल त्याच्याकडे एक वाक्य तयार असे. म्हातारीला म्हणे, "आजी, अर्धं तिकीट मागू नका, दात पडले म्हणून कोणी लहान होत नाही." इंदूरच्या आकाशवाणी केंद्राच्या इमारतीला मालवा हाऊस म्हणतात. तेच नाव या माणसाला मिळाले. नाव ठेवणारा होता एक रोजचा प्रवासी, आणि त्या प्रवाशालाही बदल्यात नाव मिळालेलेच होते : गव्हर्नरसाहेब.

कारण उघड आहे. हे गृहस्थ देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये नोकरीला होते. भारत सरकारचा हा कारखाना १९७० च्या दशकापासून देवासला आहे आणि तिथे नोटा छापल्या जातात. नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. तेव्हा नोटा छापणारा माणूस गव्हर्नरपेक्षा कमी कसा?

"काय गव्हर्नरसाहेब, आज किती छापून राह्यले?"

"तुम्ही बोलता तितक्या छापल्या असत्या तर देशाचं कर्ज फिटलं असतं."

ही सकाळची सलामी. मग गव्हर्नरसाहेब खिशातून शंभराची नोट काढत, ती एकदा उजेडाकडे धरत, क्रमांकावरून नजर फिरवत आणि मग पुढे करत.

"घ्या! स्वतःच छापलेली, स्वतःलाच खोटी वाटून राह्यली!" कंडक्टर अख्ख्या बसला ऐकवत असे. "आणि साडेनऊ रुपयांच्या तिकिटाला शंभर! नोटांचा कारखाना घरचा, आणि सुट्टे नाहीत!"

"मालवा हाऊस, आम्ही कागद छापतो. नाणी हवी असतील तर टांकसाळीत जा. मुंबईला आहे, हैदराबादला आहे, कलकत्त्याला आहे, नोएडाला आहे. कुठली बस सोडता?"

तिकीट गोष्टीपुरते साडेनऊ रुपये धरू. त्या साडेनऊतल्या ५० पैशांनी कंडक्टरचे आयुष्य कडू केले होते, आणि यात थट्टेचा भाग कमी आहे. त्या वर्षांत खरोखरच सुट्ट्यांची ओढाताण होती. एक रुपयाची नोट छापणे १९९४ मध्ये थांबले. दोन आणि पाच रुपयांच्या नोटा १९९५ मध्ये थांबल्या. यामागे हिशेब होता. लहान नोट दिवसाला दहा हातांतून फिरते, घामाने मऊ होते, वर्षभरात फाटते. नाणे वर्षानुवर्षे टिकते. म्हणून लहान रकमा नाण्यांवर न्यायच्या असे ठरले. पण नाणी बाजारात पुरेशी येईपर्यंत मधल्या काळात चिल्लर गोळा करण्याचे काम देशभरच्या कंडक्टरांवर पडले. आपल्याकडेही त्या काळात बसमध्ये सुट्ट्यांऐवजी लिमलेटच्या गोळ्या घेतल्याचे अनेकांना आठवत असेल.

"छोट्या नोटा तुम्ही बंद केल्या, शिव्या मी खाऊन राह्यलो," कंडक्टर म्हणे.

"मी नाही केल्या. ते दिल्लीत ठरतं. आणि एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नसतेच, वित्त सचिवाची असते. तेव्हा माझ्याकडे तक्रार आणू नका."

हे उत्तर कंडक्टरला फार आवडले होते. त्यानंतर एक रुपया मागे राहिला की तो प्रवाशांना सांगे, "वित्त सचिवांना विचारा."

खरी मजा क्षिप्रेच्या पुलावर येई. बस पुलावर आली की निम्मी बस हात जोडत असे आणि खिडकीतून नाणी नदीत पडत. चार आणे, आठ आणे, कधी रुपया. कंडक्टर दारात उभा राहून कळवळून ओरडे, "अरे, मला सुट्टे नाहीत म्हणता आणि नदीला देता! नदी काय तिकीट फाडून राह्यली?" गव्हर्नरसाहेब खिडकीशी असत. तेही खिशात हात घालत आणि अगदी सावकाश, कंडक्टरला दिसेल असे, एक आठ आण्याचे नाणे नदीत सोडत. बस हसे. हे गेली चार वर्षे चालू होते.

आता थोडे त्या चामड्याच्या पिशवीबद्दल सांगायला हवे, कारण गोष्ट तिथेच अडकणार आहे. कंडक्टरकडे किमतीनुसार तिकिटांच्या गड्ड्या असत, प्रत्येक तिकिटाला क्रमांक. निघताना प्रत्येक गड्डीचा पहिला क्रमांक वे-बिलावर लिहायचा. वाटेत ठरावीक थांब्यांवर तिथपर्यंतचा क्रमांक लिहायचा. दोन क्रमांकांतली वजाबाकी गुणिले तिकिटाची किंमत, इतके पैसे पिशवीत असले पाहिजेत. स्वतःचे पैसे किती जवळ आहेत तेही ड्यूटीवर चढतानाच लिहून द्यावे लागते. पिशवीत पैसे कमी निघाले तर कंडक्टरने खिशातून भरायचे. हे लोकांना कळते. पण जास्त निघाले तर? प्रवाशाला वाटते, बरेच झाले की. कंडक्टरच्या नोकरीत मात्र जास्तीची रक्कम ही कमीपेक्षा वाईट. याचा सरळ अर्थ असा काढला जातो की कोणाकडून तरी पैसे घेतले आणि तिकीट दिले नाही. म्हणून शहाणा कंडक्टर परत द्यायची रक्कम तिकिटाच्या मागे लिहितो. ते नुसते प्रवाशाच्या आठवणीसाठी नसते. तपासणी आली तर तो कंडक्टरचा बचाव असतो.

तिकडे गव्हर्नरसाहेबांचीही गत काही निराळी नव्हती. दिवसभर लाखोंच्या नोटा डोळ्यांखालून जायच्या आणि संध्याकाळी फाटकावर झडती देऊन बाहेर पडायचे. त्यांचे काम छापून आलेल्या नोटा तपासण्याचे. शाई फिस्कटली आहे का, कडा सारख्या आहेत का, क्रमांक सलग आहेत का. त्या काळी खराब निघालेली नोट काढली की तिच्या जागी त्याच क्रमांकाची चांगली नोट घालावी लागे. क्रमांकात तारा असलेली बदली नोट घालायची सोय २००६ पासून आली, ती पुढची गोष्ट. त्यामुळे क्रमांक वाचणे हे त्यांच्या डोळ्यांना लागलेले व्यसन होते. किराणा दुकानातही ते नोट देण्याआधी क्रमांक वाचत. बायको वैतागे.

दोघांचाही रोजचा व्यवहार दुसऱ्याच्या पैशांशी, आणि दोघांच्याही खिशावर रोज कोणाची तरी नजर. पण चार वर्षांत हे दोघांपैकी कोणी बोलले नव्हते. थट्टेत बोलायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी गव्हर्नरसाहेबांच्या मुलीचे उज्जैनच्या एका घरात जमत आले होते. मुलाचे वडील इंदूरला आले. देवासच्या टेकडीवर देवीचे दर्शन घ्यायची त्यांची इच्छा. गव्हर्नरसाहेबांनी एका दिवसाची रजा टाकली आणि होणाऱ्या व्याह्यांना घेऊन नेहमीच्या बसमध्ये चढले. स्वच्छ धोतर, टोपी, गंभीर चेहरा असे ते गृहस्थ खिडकीशी बसले.

कंडक्टरला काय माहीत! तो आला तो रोजच्यासारखाच. उलट नवा श्रोता पाहून त्याला जास्तच चेव आला.

"या या गव्हर्नरसाहेब! आज रजा? म्हणजे काल जास्त छापल्या वाटतं!" मग पाहुण्यांकडे वळून, "यांच्याकडे पाहून फसू नका, काका. पगारावर कोण घर बांधून राह्यलं आजकाल? डब्यात पोळीभाजी जाते आणि गड्डी येते!"

बस हसली. गव्हर्नरसाहेब हसले नाहीत. पाहुणे किंचित हसले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

टेकडीवर दर्शन झाले, प्रसाद झाला. उतरताना पाहुण्यांनी अगदी सहज विचारले, "घर कोणत्या साली बांधलंत?"

"ब्याण्णव."

"कर्ज वगैरे?"

आता पाहुण्यांनी काही वाईट विचारले असे म्हणता येणार नाही. मुलीकडची, मुलाकडची चौकशी करताना याहून नको ते प्रश्न आपल्याकडे विचारले जातात. पण गव्हर्नरसाहेबांना तो प्रश्न कुठून आला ते ठाऊक होते. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून सोसायटीच्या कर्जाचे कागद काढले, भविष्य निर्वाह निधीतून उचललेल्या रकमेची पावती काढली, आणि पाहुण्यांसमोर चहाच्या कपाशेजारी मांडली. पाहुणे 'अहो, कशाला, कशाला' म्हणाले आणि चष्मा लावून सगळे वाचले.

पंधरा वर्षे रोज झडती दिली होती, त्याचे कधी काही वाटले नव्हते. ती नोकरीतली झडती. स्वतःच्या बैठकीत, मुलगी पडद्याआड उभी असताना दिलेली ही पहिली.

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये गव्हर्नरसाहेब बोलेनासे झाले. कंडक्टर म्हणाला, "काय गव्हर्नरसाहेब?" उत्तर नाही. पुढे आली ती शंभराची नोट नव्हती. नऊ रुपयांची नाणी आणि वर एक आठ आणे, मोजून. कंडक्टर तळहातावरच्या नाण्यांकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशीही साडेनऊ रुपये मोजून. चौथ्या दिवशीही. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की या माणसाकडे सुट्टे चार वर्षे होते. रोज शंभराची नोट येत होती ती नुसती बोलायला निमित्त म्हणून.

पुलावर बस आली. नाणी पडली. गव्हर्नरसाहेबांचा हात मांडीवरच राहिला.

कंडक्टरने दोन-तीनदा प्रयत्न केला. हवामानावर बोलून पाहिले, क्रिकेटवर बोलून पाहिले. मग त्याचेही बोलणे आटले. इतर प्रवासी विचारत, "भिया, तब्येत ठीक ना?" दोरी एकदा ओढून बस थांबवायची, दोनदा ओढून सोडायची, एवढाच काय तो त्याचा आवाज.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी नवरात्र सुरू होते. टेकडीवर जाणाऱ्यांची गर्दी होणार म्हणून गव्हर्नरसाहेब लवकर येऊन बसमध्ये पहिल्यांदा चढले. त्या दिवशी मात्र खिशात खरोखरच सुट्टे नव्हते. घरातली सगळी चिल्लर बायकोने देवीसाठी बाजूला काढली होती. त्यांनी शंभराची नोट काढली, सवयीने उजेडाकडे धरली, क्रमांकावर नजर टाकली आणि न बोलता पुढे केली. कंडक्टरची पिशवी तेव्हा रिकामी होती. एरवी त्याने दहा वाक्ये ऐकवली असती आणि ऐकवता ऐकवता तिकिटाच्या मागे ९०.५० लिहिले असते. त्या दिवशी त्याने गड्डीतले पहिले तिकीट फाडले, हातात दिले आणि मान खाली घालून पुढे गेला. मागे काही लिहिले नाही. लिहायचे तर थांबावे लागते, आणि थांबले तर बोलावे लागते.

गर्दी भरली. टेकडीवर जाणाऱ्या बायकांकडे देवीपुढे टाकायला आणलेली चिल्लर भरपूर होती, त्यामुळे बाकी सगळ्यांचा हिशेब जागच्या जागी चुकता झाला. मांगलिया मागे टाकले आणि रस्त्याच्या कडेला उभ्या जीपमधून हात वर झाला. तपासणी पथक.

दोघे जण चढले. एकाने पुढून माणसे मोजायला आणि तिकिटे बघायला सुरुवात केली, दुसऱ्याने वे-बिल मागितले. मांगलियाला ८ प्रवासी उतरले होते, त्यांची तिकिटे ४ रुपयांची : ३२. देवासची तिकिटे ३३, साडेनऊप्रमाणे : ३१३ रुपये ५० पैसे. एकूण ३४५.५०. कंडक्टरचे स्वतःचे, लिहून दिलेले, २० रुपये. म्हणजे पिशवीत ३६५ रुपये ५० पैसे हवेत.

पिशवी सीटवर उपडी झाली. नाण्यांचे ढीग झाले, नोटा लावल्या गेल्या. दोनदा मोजले. ४५६ रुपये.

"साडेनव्वद जास्त," पथकातला माणूस म्हणाला. "कोणाचे?"

कंडक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याच्या नावावर आधीच एक रिपोर्ट होता. तोही जास्तीच्या रकमेचा, गर्दीत झालेल्या घोटाळ्याचा. दुसरा रिपोर्ट म्हणजे निलंबन, आणि निलंबन म्हणजे घरी चार तोंडे आणि अर्धा पगार.

"साहेबांचे परत द्यायचे आहेत," त्याने खिडकीकडे बोट दाखवले. "शंभर दिले होते त्यांनी."

"तिकिटाच्या मागे लिहिलं का?"

"नाही लिहिलं."

पथकातला माणूस हसला नाही. असे 'परत द्यायचे' प्रवासी त्याने खूप पाहिले असणार. संकटात सापडलेला कंडक्टर ओळखीच्या प्रवाशाकडे बोट दाखवतोच, आणि ओळखीचा प्रवासी मान डोलावतोच. तो गव्हर्नरसाहेबांपाशी आला. तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेले होते. त्याने ते उलटून पाहिले. कोरे.

"तुम्ही किती दिले होते?"

बस गप्प होती. इतकी गप्प ती चार वर्षांत झाली नव्हती. गव्हर्नरसाहेबांना नुसते 'दहा' म्हणायचे होते. आठ आणे सोडून दिले असते तर हिशेब मिटला असता, आणि खोटे बोलल्याचे कोणाला कळलेही नसते. ते कंडक्टरकडे बघत राहिले. किती वेळ, ते प्रत्येक प्रवासी नंतर वेगवेगळे सांगत असे.

"शंभर," ते म्हणाले.

"तुमची यांची ओळख आहे?"

"चार वर्षांची. सध्या बोलत नाही."

"मग तुमच्या म्हणण्यावर मी विश्वास कसा ठेवू?"

"माझ्या म्हणण्यावर ठेवू नका. तुमच्या हातात शंभराच्या किती नोटा आहेत?"

"तीन."

"त्यातली एक गांधीजींच्या चित्राची आहे, यंदा निघालेली नवी. तिच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे सात, एक, आठ. दिल्यापासून ती नोट माझ्या हाताला लागलेली नाही."

पथकातल्या माणसाने नोटा पसरल्या. दोन जुन्या होत्या. तिसरी नवी होती. त्याने क्रमांक वाचला, मग पुन्हा वाचला, आणि नोट शेजाऱ्याला दाखवली. मग तिकिटाचा क्रमांक वे-बिलाशी ताडून पाहिला : गड्डीतले पहिलेच. म्हणजे पिशवी तेव्हा रिकामी असणार आणि शंभराचे सुट्टे नसणार, हेही जुळत होते.

"क्रमांक पाठ कसा?"

"नोट प्रेसमध्ये आहे. तेच काम करतो."

"कंडक्टरला मागे लिहायला काय झालं होतं?"

"ते आमचं भांडण आहे," गव्हर्नरसाहेब म्हणाले. "हा माणूस बोलतो फार. पण पैशाचं खोटं बोलत नाही."

वे-बिलावर शेरा पडला, 'बाकी लिहून देत जावी' अशी ताकीद मिळाली आणि पथक उतरले. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली. मग तो पिशवी सावरत गव्हर्नरसाहेबांजवळ आला. नऊ दहा-दहाच्या नोटा मोजल्या. ५० पैसे शोधले. पिशवीत आता आठ आण्यांची रास होती, पण त्याचा हात आतच राहिला.

"काय चुकलं माझं, ते तर सांगा."

गव्हर्नरसाहेबांनी सांगितले. फार नाही, तीन-चार वाक्यांत. उज्जैनचे पाहुणे, टेकडीवरचा प्रश्न, चहाच्या कपाशेजारचे कागद. कंडक्टर उभा होता तो दांड्याला धरून तसाच उभा राहिला. क्षिप्रेचा पूल आला आणि गेला. खिडक्यांतून नाणी पडली, आणि तो ओरडला नाही.

"जमलं का मग?" देवास जवळ आल्यावर त्याने विचारले.

"पत्रिका जुळत नाही असा निरोप आला."

"पत्रिकेमुळेच?"

"निरोप तसाच आहे."

हिशेबाच्या माणसाला हे उत्तर अपुरे वाटले असणार. पण त्याने पुढे विचारले नाही. त्याने खिशातून पेन काढले, गव्हर्नरसाहेबांच्या घड्याळाच्या पट्ट्यातले तिकीट ओढून घेतले आणि मागे लिहिले : ५० पै. बाकी.

"पिशवी भरली आहे आठ आण्यांनी," गव्हर्नरसाहेब म्हणाले.

"असू दे. बाकी राहू दे."

बोलणे लगेच पूर्वीसारखे झाले नाही. आठवडाभर कंडक्टर येई, तिकीट देई, पुढे जाई. शेवटी गव्हर्नरसाहेबांनीच एके सकाळी शंभराची नोट उजेडाकडे धरली आणि ती बराच वेळ धरूनच ठेवली. बस बघत होती. कंडक्टर बघत होता.

"मालवा हाऊस बंद पडलं का?" त्यांनी विचारले. "बातम्यांची वेळ झाली."

कंडक्टरने एक दीर्घ श्वास घेतला आणि देवास येईपर्यंत तो थांबला नाही. फक्त एक फरक राहिला. गड्डी, डबा, घर, पगार, यांवर तो पुन्हा कधी बोलला नाही. थट्टेला विषय पुष्कळ असतात. त्याने गव्हर्नरसाहेबांचे टक्कल धरले, त्यांची छत्री धरली, त्यांचे घोरणे धरले.

मुलीचे लग्न १९९८ मध्ये झाले, इंदूरमध्येच, दुसऱ्या घरात. कंडक्टर ड्यूटी संपवून आला तो खाकी कपड्यांवरच. पाकीट हातात ठेवले. गव्हर्नरसाहेबांनी ते तिथेच उघडले, हे खरे तर रीतीला सोडून होते. आत ५१ रुपये होते आणि एक आठ आण्याचे नाणे.

"बाकी चुकती," कंडक्टर म्हणाला.

गव्हर्नरसाहेबांनी ५० रुपयांची नोट मांडवातल्या दिव्याकडे धरली. वऱ्हाडी बघू लागले. बायकोने कपाळाला हात लावला.

"खरी आहे," ते म्हणाले. "पण फार हाताळलेली."

"रोडवेजची आहे साहेब," कंडक्टर म्हणाला, "तुमच्या कारखान्यातून सरळ आलेली नाही." आणि तो पंगतीकडे वळला.